न दिसणारी रांग

१९३० च्या आसपासच्या गिरणगावात सकाळी भोंग्याच्या वेळेला प्रत्येक गिरणीच्या गेटवर दोन प्रकारची माणसं दिसायची. ज्यांचं काम पक्कं होतं ती सरळ आत जायची. बाकीची थांबायची. या थांबणाऱ्यांना बदली कामगार म्हणत. आज कोण आजारी आहे, कोण गावी गेलंय, कोणाच्या घरी कार्य आहे, यावर त्यांचा दिवस ठरायचा. खात्यात किती साचे माणसांवाचून रिकामे आहेत हे जॉबरला माहीत असायचं. तो यायचा, गर्दीवर नजर टाकायचा आणि हवी ती माणसं निवडायचा. उरलेले घरी किंवा दुसऱ्या गिरणीच्या गेटवर.

जॉबर कशावरून निवडतो, हे गेटवरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तो गाववाल्यांना आणि नात्यातल्यांना आधी घ्यायचा. दस्तुरी देणाऱ्यांना घ्यायचा. कर्ज ज्यांच्या डोक्यावर होतं त्यांनाही घ्यायचा, कारण त्यांनी कमावलं तरच त्याचे पैसे परत येणार. मुंबईच्या गिरणीत बायकांवर देखरेख करणाऱ्या बाईला नायकीण म्हणत आणि तिच्याही खात्यात कारभार फारसा वेगळा नव्हता. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने, म्हणजे भारतातल्या कामगारांविषयीच्या शाही आयोगाने, १९३१ च्या अहवालात या पद्धतीवर कडक टीका केली. काम मिळवायला पैसे द्यावे लागतात आणि टिकवायलाही द्यावे लागतात, ही तक्रार त्यात नोंदवलेली आहे.

अन्यायाचं हे वर्णन आपल्या ओळखीचं आहे. पण मला त्यातली एक बाजू महत्त्वाची वाटते, जिच्याकडे सहसा कुणी बघत नाही. तो अन्याय उघड्यावर होत होता. तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस आत गेला आणि तुम्ही बाहेर राहिलात, हे तुमच्या डोळ्यांसमोर घडायचं. सलग चार दिवस तेच घडलं की तुम्हाला आणि आजूबाजूच्या पन्नास जणांना नमुना कळायचा. पटत नसेल तर कोणाशी भांडायचं हेही माहीत असायचं. त्या माणसाला नाव होतं, चेहरा होता, आणि तो संध्याकाळी त्याच चाळीच्या रस्त्याने घरी जायचा.

मी सॉफ्टवेअर लिहिते. कुणाचं काम कुणाकडे जावं हे ठरवणारे प्रोग्राम माझ्या व्यवसायात रोज लिहिले जातात, आणि त्यांच्याबद्दल बोलताना आम्ही असं बोलतो जणू हा प्रश्न मोबाइलबरोबर जन्माला आला. तो तसा नाही. हजर माणसं जास्त, काम कमी आणि रोज बदलणारं, मग आज काम कोणाला? हा प्रश्न मुंबईत शंभर वर्षं जुना आहे आणि त्यावर दोन-तीन वेळा गंभीर उत्तरं शोधली गेली आहेत. ती आठवली तर ॲपला काय विचारायचं हे जास्त नीट सुचतं.

पहिलं उत्तर १९३५ चं. मुंबईच्या गिरणी मालक संघाने बदली कामगारांसाठी कार्डाची पद्धत आणली. दर महिन्याच्या सुरुवातीला ठरावीक लोकांना बदली कार्ड द्यायचं. त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजेरी लावायची. त्या महिन्यात जी काही तात्पुरती जागा रिकामी होईल ती या कार्डवाल्यांमधूनच भरायची, बाहेरच्या माणसाला घ्यायचं नाही. ऐकायला साधी गोष्ट आहे. पण तिने गर्दीची यादी केली. आता कार्ड नसलेला कुणी आत गेला तर तो नियम मोडून गेला, एवढं तरी म्हणता येऊ लागलं. जॉबरचा प्रभाव लगेच संपला नाही. कार्ड कोणाला मिळणार, आणि कार्डवाल्यांपैकी आज कोणाला घेणार, या दोन्ही ठिकाणी त्याला शिरायला जागा होतीच. यादी असणं आणि यादीतला क्रम कसा ठरतो हे माहीत असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात ठेवा, पुढे इटलीत तो पुन्हा भेटणार आहे.

दुसरं उत्तर गोदीतलं. जहाजावरचा माल चढवणं-उतरवणं हे काम तर गिरणीपेक्षाही बेभरवशाचं. आज तीन जहाजं लागली, उद्या एकही नाही. तिथे टोळीवाला माणसं गोळा करायचा आणि स्टीव्हडोअर कंपनीला पुरवायचा. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचं नियमन करणारा केंद्राचा कायदा झाला आणि १९५१ साली त्याखाली मुंबईची योजना आली. मुंबई डॉक लेबर बोर्ड स्थापन झालं. त्यात सरकार, मालक आणि कामगार तिघांचेही प्रतिनिधी होते. आज ज्यांच्या नावाचा रस्ता बंदराच्या कडेने जातो ते पी. डिमेलो त्या काळातले गोदी कामगारांचे मोठे पुढारी.

या योजनेत कामगारांची नोंद झाली. काही जण महिन्याच्या पगारावर विशिष्ट मालकांकडे, आणि बाकीचे राखीव फळीत. राखीव फळीतल्या माणसांना काम पाळीपाळीने द्यायचं, असा नियम लिहिला गेला. काल तुमच्या टोळीपर्यंत पाळी आली असेल तर आज तुमच्या पुढच्या टोळीपासून सुरुवात. हजेरी लावूनही काम मिळालं नाही तर हजेरी भत्ता. महिन्यात किमान काही दिवसांच्या मजुरीची हमी.

प्रोग्रामरच्या नजरेने बघितलं तर ‘पाळी’ हे कामवाटपाचं सगळ्यात साधं अल्गोरिदम आहे. त्याला तुमच्याबद्दल जवळजवळ काहीच माहिती लागत नाही. फक्त तुमचा क्रमांक आणि शेवटचं काम कोणापर्यंत गेलं तो आकडा. ते कार्यक्षम असेलच असं नाही. जास्त चपळ टोळी आणि रेंगाळणारी टोळी त्याला सारखीच, आणि मालकांची ती कायमची कुरकुर असते. पण एका बाबतीत त्याला तोड नाही. ते कुणालाही तपासता येतं. शाळा न शिकलेला कामगारही बोटांवर मोजून सांगू शकतो की आज आपली पाळी होती की नव्हती. चूक झाली तर ती सिद्ध करायला तज्ज्ञ लागत नाही.

आता फोनकडे येऊ. संध्याकाळचे साडेसात, एका चौकात बाइकवर बसलेले सहा डिलिव्हरी रायडर. त्यातल्या एकाचा फोन वाजतो, तो जातो. पाच जण थांबतात. इथपर्यंत दृश्य गिरणीच्या गेटसारखंच आहे, फक्त जॉबर दिसत नाही. पण खरा फरक वेगळाच आहे. या सहा जणांची रांगच दिसत नाही. त्याच ऑर्डरसाठी दीड किलोमीटरवरचे अजून नऊ जण मोजले गेले असतील. प्रत्येकाला फक्त स्वतःचा स्क्रीन दिसतो. मला काम मिळालं नाही एवढंच कळतं. ते कोणाला मिळालं, तो माझ्या पुढे का होता, मी कितवी होते, यातलं काही कळत नाही. पन्नास लोकांना जो नमुना चार दिवसांत कळायचा, तो इथे वर्षभरातही कळत नाही, कारण प्रत्येकाकडे त्याचा एकच तुकडा असतो.

ही रांग एकदा कोर्टात उघडली गेली. इटलीतल्या बोलोन्या शहरात, ३१ डिसेंबर २०२० रोजी.

डिलिव्हरू ही जेवण पोहोचवणारी कंपनी. तिच्या कामवाटपाच्या अल्गोरिदमचं नाव होतं फ्रँक. इटलीतल्या रायडरना पुढच्या आठवड्याचे स्लॉट आधी बुक करावे लागत. बुकिंग दर सोमवारी उघडायचं, पण सगळ्यांसाठी एकाच वेळी नाही. काहींना सकाळी ११ वाजता, काहींना दुपारी ३ ला, उरलेल्यांना संध्याकाळी ५ ला. ज्याचे आकडे चांगले तो ११ वाजता आत. शेवटच्या गटाची वेळ येईपर्यंत चांगले स्लॉट भरून गेलेले असायचे.

आकडे दोन होते. पहिला विश्वासार्हतेचा. बुक केलेला स्लॉट सुरू होऊन १५ मिनिटांत तुम्ही लॉगिन केलं नाही, किंवा २४ तासांपेक्षा कमी वेळ उरलेला असताना रद्द केलं, तर तो खाली जायचा. दुसरा आकडा गर्दीच्या वेळी किती वेळा उपलब्ध होता याचा, म्हणजे शुक्रवार ते रविवार रात्री ८ ते १०.

तीन कामगार संघटना कोर्टात गेल्या, तिन्ही ‘सीजीआयएल’ या मोठ्या महासंघातल्या. त्यांचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं. माणूस का आला नाही हे फ्रँक विचारत नाही. ताप आला असेल, मूल आजारी असेल, कामगार संपावर गेले असतील, किंवा नुसता कंटाळा आला असेल. चारही बाबतीत आकडा सारखाच खाली. संपाचा हक्क तर कायद्याने दिलेला, पण संप करणारा रायडर पुढच्या सोमवारी रांगेत मागे फेकला जाणार.

कंपनीची बाजू ऐकण्यासारखी होती, कारण आमच्या क्षेत्रात सर्रास तीच ऐकू येते. नियम सगळ्यांना एकच आहे, मग भेदभाव कुठे? न्यायाधीश कियारा झोम्पी यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. वेगवेगळ्या परिस्थितीतल्या माणसांना मुद्दाम एकच मोजपट्टी लावणं हाही भेदभाव होऊ शकतो, त्याला अप्रत्यक्ष भेदभाव म्हणतात. आणि निकालातला मला सगळ्यात आवडलेला भाग त्यापुढे आहे. दोन बाबतीत फ्रँक कारण बघत होता, असं कोर्टाच्या लक्षात आलं. कामावर अपघात झाल्यामुळे पुढचा स्लॉट चुकला तर, आणि ॲपच बिघडलं तर, आकडा खाली जात नव्हता. म्हणजे यंत्राला कारण समजत नाही हे खरं नव्हतं. कोणती कारणं समजून घ्यायची हे कंपनीने निवडलं होतं.

अजून एक गोष्ट घडली. हे अल्गोरिदम नक्की कसं चालतं याचा तपशील कंपनीने कोर्टापुढे मांडला नाही. भेदभावाच्या खटल्यांत पुराव्याचं ओझं काही प्रमाणात मालकावर सरकतं, त्यामुळे ही गप्प बसण्याची नीती कंपनीवरच उलटली. संघटनांना ५०,००० युरो भरपाई द्यायचा आदेश झाला. निकाल येईपर्यंत कंपनीने ती बुकिंग पद्धत बंद केलेली होती, तरी कोर्टाने प्रकरण संपलं असं मानलं नाही.

अशा पद्धतीत बाहेरून काय दिसत नाही, हे कळायला एक छोटा हिशेब करून बघू. खालचं सूत्र मी बनवलेलं आहे, डिलिव्हरूचं नव्हे. पण अशा सूत्रांचा सांगाडा साधारण असाच असतो.

```python
score = 0.7 * (came / booked) + 0.3 * (peak_done / peak_total)
```

बुक केलेल्या शिफ्टपैकी किती केल्या याला ७० टक्के वेटेज, आणि शुक्रवार-शनिवार-रविवारच्या तीन रात्रींपैकी किती केल्या याला ३० टक्के. समजा, ०.९ च्या वर असेल तर बुकिंग ११ वाजता उघडतं, नाहीतर ५ वाजता.

एका रायडरने दहा शिफ्ट बुक केल्या. शनिवारी दुपारी ताप भरला, दुपारची आणि रात्रीची अशा दोन शिफ्ट गेल्या. दहापैकी आठ, आणि तीन रात्रींपैकी दोन. गणित करा: ०.५६ अधिक ०.२०, म्हणजे ०.७६. सोमवारी त्याला बुकिंग मिळतं ५ वाजता. तोवर तिन्ही रात्री भरलेल्या. तो उरलेल्या दुपारच्या दहा शिफ्ट घेतो आणि दहाच्या दहा करतो. एकही चुकवत नाही, एक मिनिट उशीर करत नाही. त्या आठवड्याचा स्कोअर? ०.७० अधिक शून्य. म्हणजे आजारी पडलेल्या आठवड्यापेक्षाही कमी.

इथे क्षणभर थांबा, कारण सगळी गोम इथे आहे. या माणसाने स्क्रीनवर आपला आकडा बघितला तर त्याला काय वाटेल? पूर्ण आठवडा चोख काम केलं आणि आकडा घसरला. तो म्हणेल यंत्र वेडं आहे, किंवा कुणीतरी मुद्दाम करतंय. दोन्ही खोटं. यंत्र सूत्राप्रमाणे बरोबर चाललंय. त्याला ज्या रात्री बुक करूच दिल्या नाहीत, त्या न केल्याबद्दल त्याचे गुण कापले गेले. एका तापाची शिक्षा आपोआप दुसऱ्या आठवड्यात गेली, मग तिसऱ्यात जाईल. जॉबरचा राग निदान काही दिवसांनी निवळायचा.

सूत्र नुसतं वाचून हे दिसत नाही. ते चालवून बघावं लागतं, दोन-तीन आठवडे. म्हणून ‘तुमचा कोड दाखवा’ ही मागणी मला फारशी उपयोगाची वाटत नाही. मोठ्या प्रणालीचा कोड हाती आला तरी कामगाराला आणि त्याच्या वकिलाला त्यातून काही कळणार नाही. वरच्या ओळीला नेमके प्रश्न विचारले तर मात्र ती लगेच उघडी पडते. माझ्याबद्दल कोणते आकडे मोजता? मी न येण्याचं कारण कुठे लिहिलं जातं, आणि कोणती कारणं चालतात? जुना डाग किती दिवसांनी पुसला जातो? आणि माझ्या मते सगळ्यात धारदार: भागाकारात खाली काय आहे? `peak_total` म्हणजे शहरातल्या सगळ्या गर्दीच्या रात्री, की मला बुक करायला प्रत्यक्ष मिळू शकत होत्या तेवढ्याच? दुसरा अर्थ घेतला तर आपल्या तापातून उठलेल्या रायडरला त्या आठवड्यात रात्रींचा हिशेबच लागू होत नाही, आणि त्याचा स्कोअर पुन्हा वर जातो. एका शब्दाच्या व्याख्येवर माणसाची महिन्याची कमाई फिरते. ती व्याख्या ठरवणारा माणूस कुठेतरी ऑफिसात बसलेला असतो, आणि बहुतेक वेळा त्याने हा अर्थ मुद्दाम निवडलेलाही नसतो. त्याच्याकडे तोच आकडा तयार होता, म्हणून तो वापरला.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण दिसतो तो प्रत्येक अन्याय अन्याय नसतो. रायडरची नेहमीची तक्रार असते, ‘मी हॉटेलच्या दारात उभा होतो आणि ऑर्डर लांबच्याला गेली.’ यात काळंबेरं असेलच असं नाही. अनेक कंपन्या ऑर्डर आली की लगेच जवळच्याला देत नाहीत. काही सेकंद थांबतात, तेवढ्यात आलेल्या ऑर्डर आणि मोकळे रायडर एकत्र घेतात आणि सगळ्यांचा मिळून वेळ कमीत कमी होईल अशा जोड्या लावतात. समजा, दोन रायडर आहेत, दोन ऑर्डर आहेत. पहिला रायडर पहिल्या हॉटेलपासून २ मिनिटांवर आहे आणि दुसऱ्यापासून ३. दुसरा रायडर पहिल्यापासून ३ मिनिटांवर, पण दुसऱ्यापासून ९. जवळच्याला आधी दिलं तर २ अधिक ९, एकूण ११ मिनिटं. उलटं दिलं तर ३ अधिक ३, फक्त ६. म्हणून पहिल्या हॉटेलच्या जवळ उभा असलेला माणूस ती ऑर्डर गमावतो आणि तीन मिनिटांवरची दुसरी त्याला मिळते. हिशेब चोख आहे.

मग पक्षपात ओळखायचा कसा? एका ऑर्डरवरून कधीच नाही. जोड्या लावण्याच्या या खेळात नशीब महिन्याभरात सगळ्यांकडे फिरायला हवं. सारख्याच भागात, सारखेच तास, सारखंच वाहन असलेले दहा जण घ्या. तासाला किती ऑर्डर मिळाल्या आणि त्यातल्या लांब पल्ल्याच्या किती, हे चार आठवडे लिहा. थोडा फरक राहणारच. पण एकच माणूस चारही आठवडे तळाशी असेल, आणि तो तळाशी जाण्याच्या आधी त्याने काहीतरी नाकारलं किंवा तक्रार केली असेल, तर विचारायला जागा आहे. नाक्यावरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रायडर एकमेकांना स्क्रीनशॉट पाठवतात तेव्हा ते नकळत हेच करत असतात, तुकडे जोडून रांग पुन्हा उभी करत असतात. ब्रिटनमध्ये जेम्स फॅरार या पूर्वीच्या उबर चालकाने ‘वर्कर इन्फो एक्स्चेंज’ ही संस्था याचसाठी काढली. चालकांनी कंपनीकडून आपापली माहिती मागवायची, आणि ती एकत्र ठेवून बघायची.

त्या वाटेवर एक भारतीय कंपनीही भेटते. ओला तेव्हा ब्रिटनमध्ये टॅक्सी चालवायची आणि तिची युरोपातली कंपनी नेदरलँड्समध्ये नोंदलेली होती. त्यामुळे ब्रिटिश चालकांचा खटला ॲमस्टरडॅममध्ये उभा राहिला. युरोपच्या माहिती संरक्षण कायद्यात तरतूद आहे की माणसावर मोठा परिणाम करणारा निर्णय फक्त यंत्राने घेतला असेल, तर त्यामागचा तर्क त्याला सांगावा लागतो. ११ मार्च २०२१ च्या निकालात कोर्टाने ओलाला सांगितलं की चालकांच्या कमाईतून आपोआप होणारी कपात हा असा निर्णय आहे, आणि त्यासाठी कोणते मुख्य निकष वापरले, कोणत्या निकषाची काय भूमिका होती, हे चालकांना कळवा. अपिलाचा निकाल एप्रिल २०२३ मध्ये आला आणि तो अजून पुढे गेला. चालकाच्या नावासमोर ‘फसवणुकीची शक्यता’ असा एक गुण होता आणि त्याच्या कमाईची एक वर्गवारी होती. काम देताना यांचा उपयोग कसा होतो, याचाही खुलासा मागितला गेला.

हे नाव पुन्हा वाचा. फसवणुकीची शक्यता. कुणी फसवलं असं म्हटलेलं नाही, आरोप नाही, चौकशी नाही. फक्त एक शक्यता, आणि ती तुमच्या पुढ्यात येणाऱ्या कामाशी जोडलेली. गिरणीत एखाद्याबद्दल ‘हा माणूस बरा नाही’ अशी कुजबुज जॉबरच्या कानावर गेली की त्याला काम मिळणं बंद व्हायचं. त्या कुजबुजीला आता दशांश चिन्ह मिळालं आहे, एवढाच फरक.

कंपन्या दोन कारणं पुढे करतात. एक, हे व्यापारी गुपित आहे. दोन, निकष कळले तर लोक लबाडी करतील. दुसरं कारण पूर्ण पोकळ नाही. फसवणूक पकडणारे नेमके सापळे सांगितले तर ते टाळता येतात हे खरंच आहे. पण हे कारण कामवाटपाला लावलं की विचित्र होतं. वेळेवर या, रद्द करू नका, हे निकष लोकांना कळले तर लोक काय करतील? वेळेवर येतील. जो निकष कळल्यावर लोक तसं वागले तर कंपनीचं नुकसान होतं, तो निकष मुळात चांगलं काम मोजतच नसावा.

आपल्याकडे कायद्याच्या बाजूने हालचाल अलीकडची आहे. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला. त्याचा भर नोंदणी आणि कल्याण निधीवर होता. कर्नाटकच्या २०२५ च्या कायद्यात एक पाऊल पुढे टाकलेलं दिसतं. स्वयंचलित देखरेख आणि निर्णयाच्या प्रणाली कामगाराच्या कामावर कसा परिणाम करतात, याची माहिती कंपनीने त्याला द्यावी अशी तरतूद तिथे आहे. युरोपियन युनियनने २०२४ मध्ये प्लॅटफॉर्मवरच्या कामाविषयीचा निर्देश मंजूर केला आणि सदस्य देशांना तो आपापल्या कायद्यात उतरवायला २ डिसेंबर २०२६ पर्यंत मुदत दिली. त्यात महत्त्वाच्या निर्णयांवर माणसाची देखरेख आणि फेरविचार मागण्याचा हक्क आहे.

माहिती द्या म्हटलं की कंपन्या काय देतात, याचा अंदाज करायला मात्र फार हुशारी लागत नाही. ‘आमची प्रणाली अंतर, वेळ, रेटिंग आणि इतर घटक लक्षात घेऊन योग्य भागीदाराला ऑर्डर देते.’ असं वाक्य आलं की त्यातल्या ‘इतर घटक’ या दोन शब्दांना धरून ठेवायचं. आणि घटकांच्या यादीवर समाधान मानायचं नाही. बदली कार्डाच्या वेळी यादी होती, क्रम मात्र जॉबरच्या हातात होता. इथेही घटकांची नावं कळली आणि वेटेज कळलं नाही तर आपण १९३५ मध्येच उभे आहोत. विचारायचं ते असं: गेल्या सोमवारी माझं बुकिंग ५ वाजता उघडलं, ११ ला उघडण्यासाठी माझा कोणता आकडा किती कमी पडला? डॉक्टरचं सर्टिफिकेट दिलं तर तो कोण बदलतो, किती दिवसांत? सपोर्टच्या चॅटवर बसलेल्या माणसाला तो बदलायचा अधिकार आहे का, की तोही माझ्यासारखाच नुसता स्क्रीन बघतोय?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा ‘अधिकार नाही’ असंच असतं.

बोलोन्याचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. सोमवारचं बुकिंग बंद करून कंपनीने रायडरना हवं तेव्हा लॉगिन करायची मुभा दिली. तीन दरवाजे गेले, पण लॉगिन केलेल्या गर्दीतून ऑर्डर कोणाला द्यायची हे तरीही फ्रँकसारखंच काहीतरी ठरवणार होतं. जुलै २०२१ मध्ये इटलीच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने डिलिव्हरूला २५ लाख युरोंचा दंड केला. रायडरना शिफ्ट आणि ऑर्डर देणारी अल्गोरिदम कशी चालतात याबाबत पुरेशी पारदर्शकता नाही, हे त्यातलं एक मुख्य कारण होतं.